मार्कांवर तोललेली मुलं आणि न उघडलेला पेपर

सोलापुरात दहावी-बारावीचा निकाल लागला की आठवडाभर चौकाचौकात फ्लेक्स दिसतात. गळ्यात हार, खाली टक्के, त्याखाली क्लासचं नाव. मला त्या फ्लेक्सवरच्या मुलांची काळजी नापास झालेल्यांपेक्षा कमी वाटत नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. घरात नीट-जेईई किंवा बोर्डाचं मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आत्मसन्मान कमी आहे की जास्त, एवढंच आपण बघतो. पण दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: तो कशावर उभा आहे? जेनिफर क्रॉकर आणि कोनी वुल्फ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये हा प्रश्न नीट मांडला. आपण 'चांगले' आहोत असं वाटण्यासाठी प्रत्येकजण कुठली ना कुठली अट घालून घेतो. नंतर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी मोजपट्टी बनवली, तिच्यात अशी सात क्षेत्रं आहेत: अभ्यासातली हुशारी, दिसणं, लोकांची पसंती, स्पर्धेत पुढे असणं, घरच्यांचा आधार, सचोटी आणि देवाचं प्रेम. दिसण्यावर आणि लोकांच्या पसंतीवर वेगळं लिहावं लागेल, आज फक्त मार्कांचं बोलू. आपल्याकडे घराघरात तेच चालू आहे.

आता मुद्दा. ज्याची किंमत मार्कांवर ठरते, तो जास्त अभ्यास करेल आणि जास्त मार्क मिळवेल, असं सगळ्यांना वाटतं. पहिला अर्धा भाग बरोबर आहे. क्रॉकर यांच्या अभ्यासात असे विद्यार्थी अभ्यासाला जास्त तास देत होते, पण त्यांचे मार्क त्या प्रमाणात वाढत नव्हते. मग ते तास जातात कुठे?

एक उदाहरण आकड्यांसह बघू. मुलगी काल्पनिक आहे, पण अशी मुलं कुठल्याही क्लासमध्ये सापडतील. जुळे सोलापूर या शहराच्या भागात राहणारी, बारावी आणि नीट एकत्र करणारी, दर रविवारी सराव परीक्षा. नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबर उत्तराला ४ आणि चुकलं की वजा १. एका रविवारी तिने १७० प्रश्न सोडवले. १४२ बरोबर, २८ चूक, म्हणजे ५४०. पुढच्या रविवारी पुन्हा १७०. १३२ बरोबर, ३८ चूक, म्हणजे ४९०. फरक ५० मार्कांचा दिसतो, पण तो फक्त दहा प्रश्नांचा आहे, कारण बरोबरचं उत्तर चूक झालं की ४ जातात आणि वर १ कापला जातो.

संध्याकाळी क्लासच्या ग्रुपवर रँकची यादी पडते, त्यात ती बेचाळिसावी. आता दोन मुली कल्पा. एकीला वाईट वाटतं, 'पेपर वाईट गेला' असं वाटतं. दुसरीला वाटतं, 'मीच वाईट.' बाहेरून दोघीही उदास दिसतात, पण दुसऱ्या दिवशी फरक कळतो. पहिली पेपर उघडते. दुसरी उघडत नाही. ३८ चुकांमधली प्रत्येक चूक तिला तिच्याविरुद्धचा पुरावा वाटते, आणि स्वतःविरुद्धचा पुरावा कोण आनंदाने वाचेल? मग ती काय करते? तिला आधीच येणारं सेंद्रिय रसायनशास्त्राचं प्रकरण तिसऱ्यांदा वाचते. चार तास होतात, घरच्यांना अभ्यास दिसतो, तिलाही जरा बरं वाटतं. तास गेले ते इथे.

आणि त्या न उघडलेल्या पेपरात काय होतं? समजा, ३८ पैकी १४ प्रश्नांतली संकल्पनाच येत नव्हती. ९ ठिकाणी दोन पर्यायांत गोंधळ झाला. उरलेले १५ येत होते, पण वाचण्यात चुकले. 'चुकीचं विधान ओळखा' असं विचारलं होतं, तिने बरोबर विधान शोधलं. उत्तर मिलिमीटरमध्ये हवं होतं, तिने सेंटिमीटरचा पर्याय निवडला. प्रत्येक प्रश्नामागे ५ मार्कांचा फरक, म्हणजे १५ प्रश्नांचे ७५. ज्या ५० मार्कांसाठी ती रडली, त्याहून २५ जास्त त्याच पेपरात पडून होते, आणि ते मिळवायला नवीन काही शिकावं लागणार नव्हतं.

हीच छुपी किंमत. रडणं दिसतं, म्हणून आपण त्यावर उपाय शोधतो. पेपर न उघडणं दिसत नाही. यंत्रमागावर धागा तुटला की माग थांबवून धागा जोडतात, तुटलेल्या धाग्याकडे पाठ फिरवून कोणी चादर विणत नाही. इथे मात्र पाठ फिरवण्यालाच आपण मेहनत म्हणतो.

दुसरी किंमत आणखी चतुर आहे: अपयशाचं कारण आधीच तयार ठेवणं. प्रिलिम जवळ आली की, विशेषतः जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, 'मी काहीच वाचलं नाही यार' असं सांगत फिरणारी मुलं आठवा. काही खोटं बोलतात, पण काहींनी खरंच वाचलेलं नसतं. आदल्या रात्री दोनपर्यंत मोबाइल, ऐन वेळी डोकेदुखी. हिशोब सरळ आहे: न वाचता कमी पडले तर दोष न वाचण्याचा, वाचून कमी पडले तर दोष माझ्या डोक्याचा. ज्याची सगळी किंमत डोक्यावर आहे, त्याला पहिला सौदा स्वस्त वाटतो.

यावर स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांचा १९७८ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींना सुटणारे प्रश्न दिले, काहींना बहुतेक न सुटणारे. नंतर सगळ्यांनाच सांगितलं, 'तुम्ही फार छान केलंत.' मग तशाच दुसऱ्या चाचणीआधी दोन औषधांतून एक निवडायला दिलं, एक कामगिरी सुधारणारं, दुसरं बिघडवणारं. (औषधं खरी नव्हती.) न सुटणारे प्रश्न मिळालेल्या ज्या पुरुषांना आपल्याला शाबासकी नेमकी कशाची मिळाली हे कळलंच नव्हतं, त्यांचा कल बिघडवणाऱ्या औषधाकडे जास्त होता. स्त्रियांमध्ये तो परिणाम तसा दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण पालकांनी यातली एक गोष्ट घ्यावी. यश मिळालं आणि ते कसं मिळालं हे कळलं नाही, तर ते पुन्हा मिळेल याची खात्री वाटत नाही, फक्त ते टिकवायची भीती उरते. 'माझं बाळ जात्याच हुशार' हे वाक्य नेमकं हेच करतं. फ्लेक्सवरच्या मुलाची काळजी वाटते ती यामुळे. त्याचा आत्मसन्मान उंच आहे, आणि पुढच्या निकालापर्यंतच आहे.

तिसरी गोष्ट थोडक्यात. क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मानसशास्त्र आणि अभियांत्रिकीच्या १२२ विद्यार्थ्यांची वेळोवेळी नोंद ठेवली. किंमत अभ्यासावर ठरवणाऱ्यांचा आत्मसन्मान मार्क कळण्याच्या दिवशी जास्त हलत होता. आणि जे आधीच काहीसे उदास होते, त्यांच्यात हे हेलकावे पुढे उदासी वाढवताना दिसले. म्हणजे सगळ्या मुलांना सारखा धोका नाही. आधीच खचलेल्या मुलावर लक्ष ठेवा.

आपल्या घरात असं आहे का, हे कसं ओळखायचं? तीन आठवडे मुलाने रोज रात्री वहीत एकच आकडा लिहायचा: आज स्वतःबद्दल किती बरं वाटतंय, १ ते १०. परीक्षेच्या दिवशीही आणि साध्या दिवशीही. वही त्याचीच, आपण बघायची नाही, नाहीतर तो तुम्हाला आवडेल तो आकडा लिहील. शेवटी त्याने मार्क शेजारी लिहून बघावेत. निकालाच्या दिवशी एखाद-दुसरा आकडा खाली आला तर ते साधं वाईट वाटणं. आठाचा तीन होत असेल आणि पुढचे दोन-तीन दिवस तिथेच राहत असेल, तर दोरी मार्कांना बांधलेली आहे. हे निदान नव्हे, पण बोलायला सुरुवात मिळते.

आता करायचं काय? 'मार्कांना काही किंमत नसते' असं म्हणू नका. मुलाला माहीत असतं की प्रवेश मार्कांवरच होतो, त्यामुळे ते तुमचं पुढचं बोलणंही ऐकत नाही. 'मेहनतीने बुद्धी वाढते' हे शिकवणं चांगलं, पण तेही पुरत नाही. यु नीया आणि क्रॉकर यांच्या २०१० च्या कामात, असं मानणारी पण किंमत मार्कांवर ठेवणारी मुलंही अवघड कामाआधी निमित्त तयार ठेवताना दिसली. कारण मेहनत करूनही नाही जमलं, तर मग काय, हा प्रश्न त्यांनाही असतोच.

म्हणून मी पेपराच्या कामापासून सुरुवात करायला सांगतो. निकालाच्या संध्याकाळी पेपर उघडायचा नाही, तेव्हा मन वाचण्याच्या अवस्थेत नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तास. एकूण मार्क लिहिलेला कोपरा दुमडायचा. प्रत्येक चुकीसमोर एकच अक्षर: संकल्पना नव्हती तर 'सं', वाचण्यात चूक तर 'वा', दोन पर्यायांत गोंधळ तर 'गो'. आधी 'वा' मोजायचे, कारण ते सगळ्यात लवकर सुधारतात. तीन दिवसांनी फक्त 'सं'वाले प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायचे. इथे बहुतेक मुलं एक घोळ करतात: रागाच्या भरात सगळ्या चुकांसमोर 'वा' लिहितात, कारण 'येत होतं, फक्त घाई झाली' हे म्हणणं सोपं जातं. म्हणून 'वा' लिहिलेला प्रश्न उत्तर न बघता तिथल्या तिथे सोडवायचा. सुटला तरच तो 'वा'.

आणि घरच्यांनी 'किती पडले?' हा प्रश्न दारातच विचारू नये. रात्री जेवताना विचारा, 'आज कुठल्या प्रश्नाने अडवलं?' दोन-चार वेळा मूल संशयाने बघेल, सापळा आहे की काय म्हणून. नंतर सांगायला लागेल. उत्तर आल्यावर सल्ला देऊ नका, हेच सगळ्यात अवघड जातं.

झोप, जेवण आणि बोलणं दोन आठवडे बिघडलेलं असेल, किंवा 'मी नसले तर बरं' असं काही कानावर आलं, तर ही वही-बिही बाजूला ठेवा. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

शेवटी क्लासवाल्यांना एक विनंती, तुमच्यातले बरेच जण ही पोस्ट वाचता म्हणून. रविवारी ग्रुपवर नावानिशी रँकची यादी टाकू नका. प्रत्येकाचे मार्क त्याला खासगीत पाठवा, आणि ग्रुपवर सगळ्यात जास्त मुलांचे चुकलेले दहा प्रश्न टाका, किती जणांचे चुकले त्या आकड्यासकट. 'हा प्रश्न १२० पैकी ८७ जणांचा चुकला' असं दिसलं की ती बेचाळिसावी मुलगीही तो उघडून बघते.