आईचं माहेरचं नाव आणि सातबारा

गेल्या महिन्यात मामाकडे (अमळनेर तालुका) वारस नोंदीचं काम होतं, नाना गेले ना, म्हणून. तलाठी आप्पांनी आईचं आधार कार्ड हातात घेतलं आणि म्हणाले, ह्या निर्मलाबाई कोण? वारसांच्या अर्जात तर कोकिळा लिहिलंय.

दोन्ही आमची आईच. माहेरी कोकिळा, सासरी निर्मला. आम्हा भावंडांना लहानपणी हे फार गमतीचं वाटायचं, माहेरी गेलं की गल्लीतली म्हातारी ओट्यावरून ओरडायची, "कोकी, कवय उनी व?" आणि आम्ही इकडेतिकडे बघायचो की कोकी कोण.

नाव का बदललं तर आमच्या घरी आधीच एक कोकिळा होती, मोठ्या काकू. सासू-सासरे, दीर-जाऊ सगळे एकाच चौकात, आणि वडिलांनी वहिनीचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हा नियम. मग बायकोला त्याच नावाने हाक मारणार कशी? नवी सून सासूच्या नावाची निघाली की अजूनच पंचाईत. म्हणून १९७४ ला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले, वडिलांनी सोन्याच्या अंगठीने त्यात 'निर्मला' लिहिलं, ते आईच्या कानात सांगितलं आणि पेढे वाटले. आई सांगते, मला वाचता येत होतं पण मान वर करायची नव्हती, मी ते उलट्या बाजूनेच वाचलं.

हे एकच कारण नव्हतं अर्थात. काही घरांत पत्रिका जुळत नसली की नावरास जुळवायचे, म्हणजे नवऱ्याच्या राशीला चालेल अशा अक्षराचं नाव मुलीला द्यायचं. आणि काही ठिकाणी जोडी लावायची. नारायण वामन टिळकांची बायको माहेरची मनकर्णिका, नवरा नारायण म्हणून ती झाली लक्ष्मी. न्या. रानड्यांच्या रमाबाई माहेरच्या यमुना, आणि डॉ. आनंदीबाई जोशी पण यमुनाच, १८७४ ला लग्न झालं तेव्हा ९ वर्षांच्या. ९ वर्षांच्या पोरीच्या नावाने कुठे कागद असणार, ना शाळेचा दाखला, ना खातं. नाव बदलायला खर्च काय तर मूठभर तांदूळ. (तेवढाच खर्च असूनही नवऱ्याचं नाव बदलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, पत्रिका तर दोघांची असते!)

आणि हे सगळ्याच घरांत होतं असं पण नाही बरं का. आपल्या बहिणाबाईच बघा, असोद्याच्या महाजनांची लेक, जळगावला चौधऱ्यांकडे दिली, पण नाव दोन्हीकडे बहिणाबाईच.

आता लोक म्हणतात बायका शिकल्या, विचार सुधारले म्हणून प्रथा गेली. मला हे अर्धंच पटतं. माझ्या मते ती मेली दाखल्यामुळे. मुली दहावी-बारावी करायला लागल्या, लग्नाचं वय १९७८ ला कायद्याने १८ झालं, म्हणजे सासरी येतानाच पोरगी मार्कशीट घेऊन यायला लागली. त्यात नोकरी, बँक, पॅन. आमच्या मोठ्या वहिनी डीएड करून आल्या, आजीने नाव सुद्धा ठरवून ठेवलेलं, पण वहिनींच्या वडिलांनी बैठकीतच सांगितलं की सर्टिफिकेटवरचं नाव बदललं तर नोकरीच्या वेळी गॅझेट करावं लागेल. गॅझेट शब्द ऐकून आजी गप्प. सुधारणेचं भाषण दिलं असतं तर ऐकलं नसतं तिने.

तर आईचं काय झालं. आधार, रेशन कार्ड, बँक सगळीकडे निर्मला आणि वडिलांचं नाव. कोकिळा म्हणून एकच कागद, जिल्हा परिषद शाळेचा दाखला, तो पण मामाने शाळेत जाऊन जुन्या रजिस्टरातून काढून आणला. मग स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, की दोन्ही नावं एकाच बाईची, खाली मामा आणि मावशीच्या सह्या, त्यांनी हरकत घेतली असती तर सगळं तिथेच अडकलं असतं. माझ्या ओळखीत एका मावशींचं असंच अडकलंय, भाऊच म्हणतो ही ती नव्हेच! सख्खा भाऊ. शाळेत गेल्याच नाहीत त्या, दाखला कुठून आणणार.

माझ्या लग्नात पण ते तांदळाचं ताट होतं बरं का, फोटोग्राफरनेच आठवण केली. मी बायकोचं आहे तेच नाव लिहिलं, तीनदा, कारण अँगल नीट येत नव्हता.

फेरफार मंजूर झाला परवा. सातबारावर 'कोकिळा ऊर्फ निर्मला' आलंय. आईला मोबाईलवर दाखवलं, तिने चष्मा लावून झूम केलं आणि म्हणाली, कोकिळा पहिले लिहिलं का, बरं झालं.