दोन लाखांची जाहिरात, आठ लाखांची विक्री, आणि परतावा?

«कॅम्पेनवर २ लाख खर्च केले, डॅशबोर्डवर ८ लाखांची विक्री दिसली, म्हणजे आरओआय ४०० टक्के. डिजिटल जाहिरातीत कुठल्या रुपयातून किती आले हे नेमकं कळतं, अंदाजाला जागाच नाही. जिचा आकडा कमी दिसतो ती जाहिरात बंद करा, जिचा जास्त दिसतो तिच्यात पैसे वाढवा.»

हा मेसेज छोट्या व्यावसायिकांच्या ग्रुपवर इतका फिरलाय की लोक त्यावर पुढच्या हंगामाचं बजेट ठरवायला लागलेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो. त्यासाठी एक हिशोब मांडू. आकडे मीच धरलेले आहेत, पण असा धंदा करणाऱ्यांना ते ओळखीचे वाटतील. देवगडचा एक आंबा विक्रेता आहे, स्वतःच्या वेबसाइटवरून पुण्या-मुंबईला पेट्या पाठवतो. पेटीची किंमत घरपोच १,६०० रुपये. एप्रिल-मेमध्ये त्याने मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्राम, आणि गूगलवर मिळून २ लाखांची जाहिरात केली. दोन्ही डॅशबोर्ड मिळून ५०० पेट्या दाखवतात, म्हणजेच ८ लाख.

आधी त्या ४०० टक्क्यांकडे पाहू. विक्रीला जाहिरातखर्चाने भागलं की रोआस मिळतो, आणि तो इथे ४ आहे. आरओआय म्हणजे परतावा, आणि तो काढायचा तर विक्रीतून मालाचा आणि पोचवण्याचा खर्च वजा करावा लागतो, मग जाहिरातीचा खर्च वजा करायचा आणि जे उरेल त्याला जाहिरातखर्चाने भागायचं. एका पेटीत आंबा ७५० रुपयांचा, खोका आणि गवत ७०, कुरिअर १५०, पेमेंट गेटवे ४०, आणि खराब निघालेल्या फळांचे परत द्यावे लागलेले पैसे सरासरी ५०. हे १,०६० झाले. हातात राहिले ५४०.

जाहिरातीचा खर्चही २ लाख नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि डॅशबोर्डवरच्या खर्चात तो सहसा धरलेला नसतो. बाकीच्या बऱ्याच धंद्यांत त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे हा भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता होतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण ताज्या फळांवर जीएसटीच नाही, त्यामुळे फक्त आंबा विकणाऱ्याला ते क्रेडिटही मिळत नाही. ३६,००० रुपये सरळ खिशातून जातात. खर्च झाला २,३६,०००. डॅशबोर्डच्या ५०० पेट्या शंभर टक्के खऱ्या मानल्या तरी ५०० गुणिले ५४० म्हणजे २,७०,०००. उरले ३४,०००, म्हणजे परतावा साधारण १४ टक्के. अजून कुठल्या विक्रीचं श्रेय जाहिरातीला द्यायचं या प्रश्नाला हातही लावलेला नाही, तोवर ४०० चे १४ झाले.

आता ‘नेमकं कळतं’ या दाव्याकडे येतो. सगळा घोळ इथेच आहे, त्यामुळे इथे जरा थांबून बघू.

आपल्या विक्रेत्याने मे संपल्यावर वेबसाइटची ऑर्डरची यादी काढली. त्या काळात वेबसाइटवर एकूण ऑर्डर आल्या ४२०, प्रत्येकी एक पेटी. डॅशबोर्ड म्हणतात ५००. मग ८० पेट्या कुठून आल्या?

एकच ऑर्डर जवळून बघितली की कळतं. कोथरूडमधल्या एका बाईंना मंगळवारी दुपारी इन्स्टाग्रामवर या विक्रेत्याची रील दिसली. त्यांनी क्लिक केलं नाही. संध्याकाळी बहिणीशी फोनवर बोलताना आंब्याचा विषय निघाला, बहीण म्हणाली, ‘आम्ही याच्याकडूनच घेतो, चांगला असतो.’ रात्री बाईंनी गूगलवर विक्रेत्याचं नाव टाइप केलं. सगळ्यात वर त्याचीच जाहिरात होती, तिच्यावर बोट ठेवलं आणि पेटी मागवली. मेटाचा नेहमीचा नियम असा, की जाहिरातीवर क्लिक केल्यापासून ७ दिवसांत किंवा ती नुसती दिसल्यापासून १ दिवसात खरेदी झाली तर ती आपल्या खात्यात धरायची. गूगल अ‍ॅड्सचा नेहमीचा कालावधी क्लिकनंतर ३० दिवसांचा. दोघांनीही आपापल्या नियमाने १,६०० रुपये पूर्णच्या पूर्ण लावून घेतले, कारण दोघांना एकमेकांचं खातं दिसत नाही. खरं काम ज्या बहिणीने केलं, ती कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही.

यात कोणी खोटं बोललेलं नाही. दोघांनी आपला नियम पाळला. पण नियम म्हणजे मोजमाप नव्हे. मेटाच्या सेटिंगमध्ये ‘दिसल्यापासून १ दिवस’ हा भाग काढून टाका आणि क्लिकची मुदत ७ वरून १ दिवसावर आणा. समजा मेटावर ३०० पेट्या दिसत होत्या, तर त्या १७० वर येतील, आणि गोदामातली एकही पेटी हललेली नसेल.

उलट्या बाजूनेही चूक होते, हेही सांगायला हवं. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयओएस १४.५ आणलं, तेव्हापासून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये आणि साइटवर माग काढायचा तर अ‍ॅपला आधी परवानगी मागावी लागते. जे नाही म्हणतात त्यांच्या बऱ्याच खरेद्या थेट दिसत नाहीत, आणि ती पोकळी अंदाजाच्या गणिताने भरली जाते. म्हणजे ज्या आकड्याला अंदाजाला जागाच नाही असं म्हटलंय, त्याच्या पोटातच अंदाज आहे. शिवाय आपल्या विक्रेत्याला फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी ६० पेट्यांची मागणी आली. त्यातल्या कितीजणांनी आधी रील पाहिली होती, हे डॅशबोर्डला कळायची सोय नाही.

त्याने फोननंबर जुळवून पाहिले तेव्हा वेबसाइटवरच्या ४२० पैकी १५० जण गेल्या वर्षीचेच गिऱ्हाईक निघाले. त्यांना हंगामाच्या सुरुवातीला भाव व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलेलाच होता. आता तीन हिशोब शेजारी ठेवा. डॅशबोर्डच्या ५०० पेट्या धरल्या तर नफा १४ टक्के. यादीतल्या ४२० धरल्या तर तोटा ४ टक्के. जुने वगळून फक्त नव्या २७० धरल्या तर तोटा ३८ टक्के. माल तोच, भाव तोच, जाहिरात तीच. बदललं फक्त एका प्रश्नाचं उत्तर: जाहिरात नसती तर यातल्या किती जणांनी आंबा घेतलाच नसता?

मेसेजमधला तिसरा मुद्दा, म्हणजे कमी आकड्याची जाहिरात बंद करून जास्त आकड्याच्या जाहिरातीत पैसे वाढवायचा सल्ला, मला सगळ्यात घातक वाटतो, कारण आकडा सगळ्यात चांगला नेमका तिथे दिसतो जिथे जाहिरातीने सगळ्यात कमी काम केलेलं असतं. आपलं नाव टाइप करून शोधणारा माणूस ठरवूनच आलेला असतो. त्याच्यासमोर जाहिरात ठेवली की क्लिक स्वस्त पडतो, खरेदी होते, रोआस दणदणीत दिसतो. सल्ला ऐकून पैसे तिकडे वळवले की नवे गिऱ्हाईक आणणारी रील बंद होते.

हे कागदावरचं तर्कट नाही. ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या ईबे कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकेत हे तपासून पाहिलं. ‘ईबे’ हा शब्द असलेल्या शोधांवरच्या जाहिराती याहू आणि एमएसएनवर बंद केल्या आणि तुलनेसाठी गूगलवर चालू ठेवल्या. जाहिरातीतून येणारे जवळपास सगळे लोक, ९९.५ टक्के, खालच्या फुकटच्या लिंकवरून आले. मग त्यांनी बाकीच्या शब्दांवरच्या जाहिराती देशाच्या सुमारे ३० टक्के भागांत बंद ठेवून उरलेल्या भागांशी विक्री ताडून पाहिली. नेहमीच्या पद्धतीने जो परतावा ४,००० टक्क्यांच्या वर निघत होता, तो प्रयोगातून उणे ६३ टक्के निघाला. थॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये इकॉनोमेट्रिका या नियतकालिकात आला. त्यात असंही दिसलं की नव्या आणि क्वचित खरेदी करणाऱ्यांवर जाहिरातीचा परिणाम होत होता. नियमित गिऱ्हाइकांवर जवळपास नाही, आणि खर्चाचा मोठा वाटा त्यांच्यावरच जात होता.

हा निकाल जसाच्या तसा आपल्याला लावू नये. ईबे घराघरात माहीत होती. तुमच्या नावाच्या शोधावर दुसरा आंबेवाला बोली लावून वर बसत असेल, तर तुमची जाहिरात काढल्यावर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाऊ शकतं. म्हणून स्वतःच तपासावं: एक आठवडा नावाच्या शोधावरची जाहिरात काही शहरांत बंद ठेवायची आणि डॅशबोर्ड सोडून त्या शहरांतल्या एकूण ऑर्डर बघायच्या.

पण प्रयोग केला म्हणजे नेमका आकडा मिळाला, असंही समजू नका. ज्या दोन भागांत साधारण शंभर-शंभर पेट्या खपतात, त्यांच्यात जाहिरातीचा काही संबंध नसताना, निव्वळ योगायोगाने २५-३० पेट्यांचा फरक पडू शकतो. जाहिरातीने १५ पेट्या वाढवल्या असतील तर त्या या गोंधळात दिसणारच नाहीत. मोठ्यांचीही यातून सुटका नाही. रँडल लुईस आणि जस्टिन राव यांनी २५ मोठे जाहिरात-प्रयोग तपासले, तेव्हा परताव्याच्या अंदाजाची खालची आणि वरची मर्यादा यांतलं अंतर निम्म्याहून अधिक प्रयोगांत १०० टक्के-बिंदूंपेक्षा जास्त निघालं. इतक्या रुंद पट्ट्यात नफा आणि तोटा दोन्ही बसतात.

मग विक्रेत्याने करायचं काय? प्रश्न उलटा विचारायचा. श्रेय किती पेट्यांचं हे नक्की सांगता येत नाही, पण खर्च भरून यायला किती पेट्या लागतात हे पक्कं सांगता येतं. २,३६,००० भागिले ५४०, म्हणजे ४३८ पेट्या. जाहिरात नसती तर खपल्याच नसत्या अशा ४३८. आता वेबसाइटचे नवे २७० आणि फोनवरचे ६०, सगळेच्या सगळे नवे मानून जाहिरातीच्या पदरात टाकले, बहिणीने पाठवलेलेसुद्धा, तरी ३३० होतात. १०८ पेट्या कमी पडतात. तेवढ्या जुन्या गिऱ्हाइकांना भाव आधीच कळलेला असताना केवळ जाहिरातीने परत आणलं असेल, हे मला पटत नाही. म्हणजे या हंगामापुरता तोटा झाला हे जवळपास नक्की आहे, किती झाला ते नक्की नाही, आणि निर्णय घ्यायला एवढं पुरतं.

हिशोब या हंगामात संपत नाही, ही एकच गोष्ट जाहिरातीच्या बाजूने उरते. गेल्या वर्षीचे १५० परत आले तसे यंदाचे नवेही येतील. म्हणून त्या ३३० फोननंबरांची वेगळी यादी आजच करून ठेवावी, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्यांना आधी नुसता व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवावा. त्यांच्यापुरती जाहिरात बंद ठेवायची; नंबरांचा गट वगळायची सोय दोन्ही ठिकाणी आहे, पण इतक्या छोट्या यादीला ती चालते का ते आधी पाहावं. त्यांच्याकडून १०८ पेट्यांची मागणी आली तर यंदाचे पैसे फिटण्याची शक्यता निदान उघडी राहते. तीस-चाळीसच आल्या तर पुढच्या वर्षी जाहिरातीला २ लाख द्यायचे नाहीत, मग डॅशबोर्डवर रोआस चार दिसो की आठ.