इन्स्टाग्राम कॅरोसेलच्या शेवटच्या स्लाईडवर सेव्ह मागायचा की शेअर? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "ताई, 'शेवटच्या स्लाईडवर एकच विनंती करा' हे वाचायला बरं वाटतं. पण आमच्या खानापूर भागात सेव्ह कोण करतंय? सगळं व्हॉट्सॲपवर फिरतं. मी खत-बियाणांच्या दुकानाचं पेज चालवतो आणि प्रत्येक कॅरोसेलच्या शेवटी सेव्ह, शेअर, फॉलो तिन्ही लिहितो. त्यात नुकसान काय? आणि शेअरनंच रीच वाढतो, तर सेव्ह मागायचाच कशाला? तुम्ही उगीच फाटे फोडताय."

दादा, नमस्कार.

तुमच्या दुकानाचंच उदाहरण घेते. शेवटची स्लाईड लिहिताना मी एकच गोष्ट विचारते: ही माहिती प्रत्यक्ष वापरणार कोण, आणि कधी? बघणारा स्वतःच वापरणार असेल आणि त्याला ती काही दिवसांनी लागणार असेल, तर सेव्ह मागायचा. वापरणारा दुसराच कोणी असेल, तर शेअर. रीचचा विचार त्यानंतर.

समजा, मृगाच्या आधी तुम्ही भाताच्या बियाणाची मिठाच्या पाण्यातली चाचणी दाखवणारा कॅरोसेल केला. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, बियाणं त्यात सोडून ढवळायचं, वर तरंगणारं हलकं आणि पोचट बी काढून टाकायचं. तळाला बसलेलं बी स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. मग आधी बुरशीनाशक आणि त्यानंतर जीवाणू संवर्धक चोळायचं. सात-आठ स्लाईडचा मजकूर होतो. यात प्रमाण आहे, क्रम आहे, आणि काम आज नाही, पेरणीच्या तोंडावर करायचं आहे. कोणीही म्हणेल की हा सेव्हचाच कॅरोसेल.

पण तो बघतंय कोण, हे तपासा. तुमच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर्सची शहरं आणि वयोगट दिसतात. तिथे बेळगाव, खानापूर, नंदगड भागातले पस्तिशी-चाळिशीतले लोक असतील, तर बहुतेक ते स्वतः शेत बघणारे. त्यांच्यासाठी सेव्हच योग्य. तिथे पुणे, कोल्हापूर, पणजी, बेंगळुरू दिसत असेल आणि वय पंचविशीचं असेल, तर बघणारा मुलगा नोकरीच्या गावी आहे आणि बियाणं भिजवणारे वडील गावात. मुलाला ही माहिती साठवून काही उपयोग नाही. त्यानं ती घरी पाठवली तरच मीठ पाण्यात पडणार. म्हणजे मजकूर तोच, सातही स्लाईड त्याच, फक्त शेवटची बदलायची. आपल्या भागात हा दुसरा प्रकार पुष्कळ आहे, कारण घरातला कोणी ना कोणी बाहेरगावी असतोच. शिवाय सरकारी माहिती मुख्यतः कन्नडमधून येते, त्यामुळे मराठी वाचणाऱ्या वडिलांसाठी मुलगा अशी पोस्ट आवर्जून शोधतो. व्हॉट्सॲपबद्दलचं तुमचं निरीक्षण इथे पूर्ण खरं आहे.

आता ही शेअरची स्लाईड कशी असावी, कारण खरी अडचण इथेच येते. इन्स्टाग्रामवरून व्हॉट्सॲपवर पोस्ट पाठवली की लिंक जाते. वडिलांकडे इन्स्टाग्राम नसेल, तर ती लिंक उघडल्यावर बहुतेक वेळा लॉगिन करा असं सांगणारं पान समोर येतं आणि तिथेच सगळं थांबतं. हे माहीत असलेली मुलं लिंक पाठवतच नाहीत, स्क्रीनशॉट काढतात. आणि आठही स्लाईडचे स्क्रीनशॉट काढत कोणी बसत नाही, एकच काढतात. म्हणून शेअरच्या कॅरोसेलची शेवटची स्लाईड स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. आधीचं काही न बघता नुसती तीच हातात आली, तरी काम करता आलं पाहिजे. मी ती अशी लिहीन:

"भाताचं बी पेरण्याआधी
१० लिटर पाणी + ३०० ग्रॅम मीठ
तरंगलेलं बी काढा, बुडालेलं धुऊन सावलीत वाळवा
आधी बुरशीनाशक, मग जीवाणू संवर्धक
शेत बघणाऱ्या घरच्यांना ही स्लाईड पाठवा"

खाली दुकानाचं नाव आणि फोन. बस्स. अक्षर मोठं ठेवा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, आणि पुढे बघणारी व्यक्ती साठीची असू शकते. शेवटच्या ओळीत नुसतं 'शेअर करा' नाही, कोणाला पाठवायचं तेही आहे. माणूस डोळ्यांसमोर आला की पाठवणं होतं, 'मित्रांना शेअर करा' म्हटलं की कोणीच आठवत नाही.

हाच कॅरोसेल गावातच राहून शेत करणाऱ्यांसाठी असेल, तर शेवटची स्लाईड वेगळी होईल. तिथे सगळी माहिती पुन्हा मांडायची गरज नाही, कारण तो पूर्ण कॅरोसेलच परत उघडणार आहे. त्याला कधी उघडायचं ते सांगायचं: "पेरणीच्या दोन दिवस आधी हे प्रमाण लागेल. आत्ता सेव्ह करून ठेवा." सेव्ह केलेल्या गोष्टी ढिगात बुडतात आणि त्या यादीत फक्त पहिली स्लाईड छोट्या चौकोनात दिसते. म्हणून सेव्हचा कॅरोसेल असेल तर पहिल्या स्लाईडवर 'शेतकऱ्यांनो, ही चूक करू नका!' असलं काही लिहू नका. 'भात बियाणं: मिठाच्या पाण्याची चाचणी' एवढंच लिहा. दोन आठवड्यांनी शोधणाऱ्याला तेच सापडेल. शेवटची स्लाईड ठरली की पहिलीही अशी आपोआप ठरते, म्हणून मी ती आधी लिहिते आणि बाकीचा मजकूर नंतर.

आता तिन्ही एकत्र लिहिण्याबद्दल. शेवटच्या स्लाईडवर थांबलेल्या माणसाचं बोट तुम्हाला एखादा क्षण मिळतं. तीन विनंत्या दिसल्या की तो ठरवत बसत नाही, पुढच्या पोस्टवर जातो. पण त्याहून मोठं नुकसान तुमचं होतं: कोणती विनंती चालली ते तुम्हाला कधीच कळत नाही. सेव्ह वाढले तर ते मजकुरामुळे की मागितल्यामुळे? शेअर पडले तर का? पुढचा कॅरोसेल करताना हातात काहीच राहत नाही. दुसरी विनंती करायचीच असेल तर ती कॅप्शनच्या शेवटी टाका, स्लाईड मोकळी ठेवा. फॉलो तर मी शेवटच्या स्लाईडवर मागतच नाही. ज्याला माहिती आवडली तो नावावर टिचकी मारून पेजवर जातोच. आणि तुम्ही तीच पोस्ट फेसबुकवरही टाकत असाल, तर '५ जणांना पाठवा' या धर्तीची भाषा टाळाच. नुसत्या शेअरसाठी गळ घालणाऱ्या पोस्ट खाली ढकलू, असं फेसबुकनं २०१७ च्या डिसेंबरमध्येच जाहीर केलं होतं.

रीचचा मुद्दा. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की बघण्याचा वेळ, लाईक आणि दुसऱ्याला पाठवणं हे तीन संकेत सर्वांत महत्त्वाचे, आणि तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोहोचायचं असेल तर पाठवण्याला जास्त वजन. तुमचं वाक्य इथवर बरोबर. पण नवीन लोकांपर्यंत पोहोचणं हे प्रत्येक पोस्टचं काम नसतं. पुण्यातल्या दोन हजार अनोळखी लोकांनी तुमचा कॅरोसेल बघितला, तर दुकानात कोणी येणार नाही. तालुक्यातल्या साठ शेतकऱ्यांनी तो साठवून पेरणीआधी उघडला, तर त्यातले काही बुरशीनाशक घ्यायला तुमच्याकडेच येतील. दुकानासाठी हा कॅरोसेल असेल तर मी दुसरं निवडेन, रीच कमी दिसला तरी.

आकडे वाचतानाही हेच लक्षात ठेवा. समजा, एक कॅरोसेल २,००० खात्यांपर्यंत पोहोचला, सेव्ह ७० आणि शेअर १५. दुसरा ५,००० पर्यंत, सेव्ह ७५ आणि शेअर ९०. नुसते सेव्ह बघितले तर दोन्ही सारखेच वाटतात. पोहोचलेल्या खात्यांनी भागलं की पहिल्यात शंभरी साडेतीन सेव्ह, दुसऱ्यात दीड. पहिला सेव्हसाठी केला होता आणि दुसरा शेअरसाठी, तर दोन्ही आपापल्या कामात यशस्वी. उलट असेल, म्हणजे शेअरसाठी केलेल्या कॅरोसेलला सेव्हच जास्त पडले असतील, तर समजायचं की लोकांना माहिती स्वतःसाठी हवी आहे. तुमचा बघणाऱ्याबद्दलचा अंदाज चुकला, पुढच्या वेळी शेवटची स्लाईड बदला. पण हे एका पोस्टवरून ठरवू नका. लहान पेजवर दहा-पंधराचा फरक योगायोगानंही पडतो. एकाच विषयाचे चार-पाच कॅरोसेल शेजारी ठेवून बघा.

आणि एक मर्यादा: स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर फिरलेली स्लाईड इनसाइट्समध्ये शेअर म्हणून मोजली जात नाही. तुमच्या भागात शेअर कमी दिसण्याचं हे मोठं कारण असणार. ते मोजायचा एकच साधा मार्ग आहे. दुकानात फोन आला किंवा कोणी मोबाईल पुढे करून 'हे औषध द्या' म्हणालं, की 'हे कुठून आलं तुमच्याकडे?' असं विचारा आणि वहीत टिपा. स्क्रीनवर ती शेवटची स्लाईडच दिसली, तर तिनं काम केलं.

एकाच गोष्टीला दोन्ही लागतात असंही होतं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा इथल्या मराठी साहित्य संमेलनांचं बघा. दोन-तीन आठवडे आधीचा कॅरोसेल माणसं जमवण्यासाठी असतो, त्याच्या शेवटी तारीख, गाव आणि 'बाहेरगावच्या मित्राला पाठवा'. आदल्या दिवशीचा कॅरोसेल सत्रांच्या वेळापत्रकाचा असतो. येणार हे ठरलेल्यांसाठीच तो आहे, त्याच्या शेवटी सेव्ह. दोन्ही एकाच कॅरोसेलमध्ये कोंबले तर आठव्या स्लाईडवरचं वेळापत्रक शोधायला मंडपात कोणी बसत नाही.

तुमच्या पुढच्या पोस्टसाठी एवढं करून बघा: इनसाइट्समधली शहरं आणि वय बघा, बियाणं भिजवणारा बघणाराच आहे की त्याचे वडील ते ठरवा, आणि त्याप्रमाणे वरच्या दोनपैकी एक शेवटची स्लाईड लावा. मजकुरातलं औषधाचं नाव आणि प्रमाण पाकिटावरच्या लेबलाशी ताडून घ्या, कारण स्क्रीनशॉट एकदा गटात गेला की दुरुस्ती मागून पोहोचत नाही.