सेल्सिअसमधली कार्यक्षमता : एका प्रतिक्रियेला उत्तर

«कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या वर गेली तर तापमान सेल्सिअसमध्ये टाकले आहे असे समजा, ही तुमची तपासणी अर्धवट आहे आणि विद्यार्थ्यांची दिशाभूल करणारी आहे. २२७ आणि २७ अंश घेऊन पाहा. २७३ मिळवायचे की २७३.१५, हेही लेखात ठरलेले नाही. आकृत्या नाहीत, चिन्हे जुनी आहेत. शिकवणाऱ्याने आधी स्वतः गणित करून पाहावे.»

कार्नो इंजिन या आदर्श उष्णता-इंजिनाच्या कार्यक्षमतेवरील माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. शेवटचे वाक्य लिहिले नसते तरी आपला मुद्दा तितकाच पोहोचला असता. कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षे मी हाच धडा शिकवतो आहे आणि या गणिताच्या उत्तरपत्रिका लाल पेनाने तपासतो आहे. «आधी गणित करून पाहावे» हे मला सांगावे लागते, असे यापूर्वी कोणाला वाटले नव्हते. तपासणी अपुरी आहे असे म्हणणे वेगळे आणि दिशाभूल केली असे म्हणणे वेगळे. «दिशाभूल» या शब्दात हेतूवर आरोप आहे, आणि तो मला मान्य नाही.

सेल्सिअसचे केल्व्हिन करताना मिळवायच्या २७३.१५ बद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, ते मी लेखात स्पष्ट लिहायला हवे होते. मात्र आपल्याच उदाहरणात २७३ घेतले तर ४० टक्के येतात आणि २७३.१५ घेतले तर ३९.९९. या फरकावर कोणाचा गुण जात नाही.

आता «अर्धवट» या शब्दाकडे येतो. २२७ आणि २७ सेल्सिअसमध्येच ठेवले तर उत्तर ८८.१ टक्के येते आणि ते शंभरच्या आत बसते, हे मला आपण सांगण्याआधीपासून ठाऊक आहे. थंड बाजू शून्य अंशाच्या खाली गेली तरच सेल्सिअसमधले उत्तर शंभर ओलांडते, आणि नेमकी शून्यावर असली तर बरोबर शंभर येते. आपल्याकडच्या गणितांत थंड बाजू बहुधा २७ अंश दिलेली असते, म्हणून ती तपासणी तिथे गप्प बसते. पण त्याच लेखाच्या पुढच्या परिच्छेदात मी तापमानांच्या फरकाबद्दल लिहिले आहे, आणि तिथपर्यंत आपण वाचलेले दिसत नाही.

कार्नो इंजिनाची कार्यक्षमता म्हणजे दोन तापमानांतला फरक भागिले गरम बाजूचे तापमान. फरक दोन्ही मापनांत २०० च राहतो, कारण मिळवलेले २७३ वजाबाकीत निघून जातात. चूक फक्त छेदात राहते, तिथे ५०० ऐवजी २२७ बसतात. म्हणून चुकीच्या उत्तराला २२७ ने गुणून ५०० ने भागले की ८८.१ चे ४० होतात. कागदावर असे जुळले की विद्यार्थ्याने नेमके काय केले याबद्दल शंका उरत नाही. निव्वळ आकडेमोडीची चूक असती तर ते जुळले नसते. याहून पक्की खूण हवी असेल तर तीच तापमाने फॅरनहाइटमध्ये, म्हणजे ४४०.६ आणि ८०.६, टाकून पाहावीत. उत्तर ८१.७ टक्के येते. एकाच यंत्राला दोन कार्यक्षमता असू शकत नाहीत, तेव्हा ज्या मापनाचे शून्य सोयीने ठरवले आहे ते इथे चालत नाही, हे मुलांना स्वतःच दिसते.

फ्रीजच्या बाबतीत मात्र चूक उलट दिशेला जाते, आणि ज्याची खरी काळजी वाटावी तो भाग हा आहे. तिथे कार्यक्षमतेऐवजी कार्यगुणांक काढतात, म्हणजे खर्च केलेल्या कामाच्या किती पट उष्णता आतून बाहेर काढली ते; आदर्श कार्यगुणांक म्हणजे थंड बाजूचे तापमान भागिले फरक. आत ४ अंश आणि खोलीत ३० अंश असतील तर २७७ भागिले २६, म्हणजे सुमारे १०.६५. सेल्सिअसमध्ये ४ भागिले २६, म्हणजे ०.१५. इथे छेद बरोबर असतो आणि चूक अंशात जाते, त्यामुळे उत्तर फुगण्याऐवजी आकसते. बर्फाच्या कप्प्याचे उणे १८ घेतले तर ते ऋणच येते आणि चूक लगेच ओळखू येते, पण ०.१५ कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. घरातल्या फ्रीजचा गुणांक १०.६५ पेक्षा बराच कमी असतो, कारण आतली नळी कप्प्यापेक्षा थंड आणि मागची जाळी खोलीपेक्षा गरम ठेवावी लागते; तरीही तो एकापेक्षा जास्त असणे पूर्णपणे शक्य आहे.

आपण आकृत्या आणि चिन्हांबद्दल लिहिले आहे, त्यात मी शिरत नाही. मला एक उत्तरपत्रिका आठवते. मुलीने १०.६५ लिहून त्यावर दोन आडव्या रेघा मारल्या होत्या आणि खाली ०.१५ लिहिले होते. विचारल्यावर म्हणाली, «सर, एकापेक्षा जास्त कसे येईल?» इंजिनाचा नियम तिने फ्रीजला लावला होता. केल्व्हिन तिने आधीच बरोबर घेतले होते; ते तिने माझ्याच «शंभर टक्क्यांच्या वर नको» या वाक्यामुळे सोडले. तेव्हापासून मी ते वाक्य वर्गात फक्त इंजिनापुरते म्हणतो, आणि लेखातही «इंजिनासाठी» हा शब्द आज वाढवला आहे.