महिन्याला वीस हजार द्यायचे आणि दोन वर्षे हात बांधायचे

रविवारी रात्री पावणेदहा वाजता पुण्याच्या एका जाहिरात एजन्सीने मला व्हॉट्सॲपवर अकरा पानांचे करारपत्र पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली, “मॅडम, सही करून सकाळी दहापर्यंत पाठवा, म्हणजे लगेच काम सुरू करता येईल.” तीन आठवडे फोनवर कामाबद्दल, दराबद्दल, खरिपाच्या वेळापत्रकाबद्दल बोलणे झाले होते, त्यात या अटींचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. दर ठरला, मी मार्च महिना त्यांच्यासाठी मोकळा ठेवला, दोन जुन्या गिऱ्हाइकांना थांबवले, आणि मग हे कागद आले. ही वेळ अजाणता निवडली जाते यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही.

सातव्या पानावर ते कलम होते. करार चालू असताना आणि संपल्यानंतर चोवीस महिने मी महाराष्ट्रातील कोणत्याही बियाणे, खत, कीटकनाशक किंवा ठिबक सिंचन कंपनीला, तिच्या वितरकाला अथवा संलग्न संस्थेला, ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ कोणतीही सेवा देणार नाही. दिल्यास पाच लाख रुपये भरपाई देईन. मी जालन्यात राहते. बियाण्यांच्या पिशव्यांची, माहितीपत्रकांची आणि दुकानात लावायच्या पोस्टरांची मांडणी हे माझे अकरा वर्षांचे काम आहे. जालन्यातल्या माणसाला बियाण्यांचे काम करू नकोस म्हणणे म्हणजे सरळ दुकान बंद कर म्हणणे आहे, आणि हे त्यांना ठाऊक आहे, कारण बियाण्यांच्या कामासाठीच तर त्यांनी मला शोधून काढले.

मी सोमवारी फोन केला. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, “मॅडम, हे आमचं स्टँडर्ड ॲग्रिमेंट आहे, सगळेच सही करतात.” या ‘स्टँडर्ड’ शब्दाची मला विलक्षण चीड आहे. ज्या मसुद्यात त्यांना पंधरा दिवसांच्या नोटिशीवर मला काढता येते आणि मला मात्र सोडायचे तर साठ दिवस आधी कळवावे लागते, तो कोणाच्या सोयीचा स्टँडर्ड आहे, एवढे तरी सांगावे.

आता हिशेब पाहा. माझी महिन्याची सरासरी कमाई बासष्ट हजार आहे. त्यातले चव्वेचाळीस हजार शेतीशी संबंधित कंपन्यांकडून येतात आणि उरलेले अठरा हजार शिकवण्यांच्या पत्रकांमधून, दवाखान्यांच्या पाट्यांमधून. एजन्सी देणार होती महिना वीस हजार. म्हणजे त्यांची अट पाळली तर माझ्या हातात अडतीस हजार राहतात. चोवीस हजारांची खोट पहिल्याच महिन्यात. वेळ मोकळा होईल, तो इतर कामांनी भरून काढा, असे सांगणाऱ्यांनी जालन्यात बियाण्यांशिवाय इतके मांडणीचे काम मिळवून दाखवावे. आणि हे झाले करार चालू असतानाचे. त्यांनी खरीप उरकून जुलैमध्ये पंधरा दिवसांची नोटीस दिली, तर त्यांचे वीस हजार बंद होतात आणि माझी बंदी मात्र दोन वर्षे चालू राहते. चव्वेचाळीस हजार गुणिले चोवीस म्हणजे १० लाख ५६ हजार रुपये. चार महिन्यांचे ऐंशी हजार देऊन साडेदहा लाखांवर हक्क सांगायचा, आणि वर ‘दीर्घकालीन संबंध’ म्हणायचे.

संभाजीनगरला वकिली करणाऱ्या मामेभावाला मी ते पान पाठवले. त्याचा पहिला प्रश्न होता, “ताई, तू सही कामून करायलीस?” नंतर त्याने शांतपणे समजावले. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७ : कायदेशीर धंदा, व्यवसाय करण्यापासून कोणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. कायद्यातच नमूद केलेला अपवाद धंद्याच्या नावलौकिकाची विक्री करणाऱ्याचा आहे, आणि मी माझे दुकान कोणाला विकलेले नाही. करार चालू असतानाचे बंधन वेगळे. ते न्यायालये सहसा मान्य करतात, १९६७ च्या गोलिकरी खटल्यापासून. करार संपल्यानंतरचे बंधन मात्र टिकत नाही. झहीर खानच्या प्रकरणात तर व्यवस्थापन कंपनीने एवढेच मागितले होते की करार संपल्यावर बाहेरून आलेला देकार त्याने आधी त्यांना दाखवावा आणि तेवढीच रक्कम देण्याची संधी त्यांना द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तेही कलम २७ खाली नाकारले. पाच लाखांच्या आकड्याचेही तसेच. कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही फार तर वरची मर्यादा असते, आणि तिच्या आत जेवढी वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

म्हणजे बिनधास्त सही करावी, हे कलम कोर्टात टिकणारच नाही, असे मला व्यवसायातल्या निम्म्या लोकांनी सुचवले. या सल्ल्याचा मला त्या कलमाइतकाच संताप येतो, कारण हा खेळ कोर्टात खेळलाच जात नाही. २०२१ मध्ये दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या करारात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ हेच दोन शब्द होते आणि मी ते वाचून सोडून दिले होते. आतेभावाने अंबडजवळ कृषी सेवा केंद्र काढले, त्याच्या पाटीची मांडणी मी घरचे काम म्हणून एक पैसा न घेता करून दिली. त्या दुकानात प्रतिस्पर्धी कंपनीचे बियाणे विकायला होते. कोणीतरी पाटीचा फोटो पाठवला आणि माझे एकतीस हजारांचे शेवटचे बिल ‘कराराचा भंग’ म्हणून पाच महिने अडकले. कोर्टात ते कलम उभे राहिले नसते, हे खरेच आहे. पण एकतीस हजारांसाठी कोर्टात जाणार कोण होते? हे कलम न्यायाधीशासाठी लिहिलेले नसतेच, ते शेवटच्या बिलासाठी लिहिलेले असते. त्यानंतर मी उद्यम नोंदणी करून घेतली, कारण नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे रोखता येत नाहीत आणि उशिराला चक्रवाढ व्याज लागते. आता प्रत्येक बिलावर तो नोंदणी क्रमांक मोठ्या अक्षरांत छापते.

याच करारात चौथ्या पानावर आणखी एक डाव होता, आणि मला तो बंदीपेक्षाही अपमानास्पद वाटला. गोपनीयतेच्या कलमात गोपनीय माहितीची व्याख्या अशी होती : कामाच्या ओघात मिळालेले अथवा वापरलेले सर्व ज्ञान, पद्धती आणि शैली. ‘वापरलेले’ हा शब्द पुन्हा वाचा. नवीन वाणाचे नाव बाजारात येण्याआधी मी कोणाला सांगू नये, दर सांगू नये, विक्रेत्यांच्या मेळाव्याची तारीख सांगू नये, हे मी न मागता लिहून देते; ती त्यांची गुपिते आहेत. पण सत्यप्रत बियाण्याच्या लेबलाचा हिरवा आणि प्रमाणित बियाण्याच्या लेबलाचा निळा यांत गल्लत होऊ द्यायची नाही, सोयाबीनच्या पिशवीवर उगवणशक्तीचा ७० हा आकडा घडीत जाऊ द्यायचा नाही, लॉट क्रमांकाचा शिक्का मारायला कोरी जागा सोडायची, शेतकरी दुकानात पिशवी उलटी करून आधी मागची बाजू वाचतो म्हणून मागची बाजू आधी मांडायची, हे मी मोंढ्यातल्या दुकानांमध्ये उभी राहून शिकले. ते त्यांच्या कामात वापरले म्हणून त्यांचे होत नाही. गोपनीयतेचे कलम सगळेजण डोळे मिटून मान्य करतात आणि तिथेच बंदी दुसऱ्या दाराने आत येते. बंदीचे कलम खोडले तरी ही व्याख्या तशीच राहिली, तर काहीही खोडलेले नाही.

मी काहीच बंधन मानत नाही, असे कोणी समजू नये. एजन्सीने ज्या कंपनीशी माझी गाठ घालून दिली, तिच्याकडे मी परस्पर जाऊन काम मागणे हा विश्वासघात आहे. कायदा त्याला काहीही म्हणो, मी ते लिहून देते, फक्त कंपन्यांची नावे जोडपत्रात हवीत, मुदत सहा महिन्यांची हवी, आणि ज्यांच्याशी माझा आधीपासून व्यवहार आहे त्यांची नावे त्यातून वगळलेली हवीत. त्यांचे सोयाबीनचे वाण बाजारात आणत असताना मी त्याच हंगामात दुसऱ्याच्या सोयाबीनची पिशवी करू नये, ही मागणीही रास्त आहे. एकाच दुकानात दोन पिशव्या शेजारी उभ्या राहणार असतात. पण त्या बंदीला किंमत असते. सोयाबीनचे माझे दुसरे एक गिऱ्हाईक हंगामात महिना आठ हजार देते, तेव्हा ते सोडायचे तर ते आठ हजार एजन्सीने वीस हजारांवर मोजायला हवेत.

तसे मी मंगळवारी लिहून पाठवले. चोवीस महिन्यांच्या कलमाच्या जागी हे कलम सुचवले : “करार चालू असताना, १५ मार्च ते १५ जुलै या काळात, सेवा देणारी व्यक्ती जोडपत्र ‘अ’ मधील पिकाच्या अन्य कंपनीच्या वाणाचे वेष्टन अथवा प्रचारसाहित्य तयार करणार नाही, त्यासाठी दरमहा ८,००० रुपये वेगळे दिले जातील. ते थकल्यास अथवा करार कोणत्याही बाजूने संपल्यास हे बंधन त्याच दिवशी संपेल.” व्याख्येतले ‘वापरलेले’ आणि ‘शैली’ हे शब्द काढायला सांगितले, ‘अप्रत्यक्ष’ काढायला सांगितले, ‘संलग्न संस्था’ या शब्दांच्या जागी नावे मागितली, दोन्ही बाजूंची नोटीस तीस दिवसांची केली आणि पाच लाखांची ओळ खोडली. करार संपल्यानंतरच्या बंदीवर मात्र सौदा केला नाही. चोवीसचे बारा महिने करून देतो, असे तो मुलगा फोनवर सुचवत होता. भाजी घासाघीस करून घेतात तसे माझे पोट घासाघीस करून अर्धे करायचे, असे त्याला मोठ्या मनाने सांगायचे होते. दुसऱ्याच्या चुलीवर बारा महिने बंदी घालायचा त्याला जितका अधिकार नाही, तितकाच बारा दिवसही घालायचा नाही.

त्यावर उत्तर आले, “लीगल टीमशी बोलून कळवतो.” त्याला आज नऊ दिवस झाले. त्यांना एका रात्रीत सही हवी होती आणि माझ्या एका पानाच्या उत्तराला नऊ दिवस पुरत नाहीत. थांबवून ठेवलेल्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकाने दुसऱ्याकडे काम दिले, ते गेले. दुसऱ्याला मी काल स्वतः फोन केला, तुरीच्या पाकिटाचे काम अजून त्यांच्याकडेच पडून होते. आज सकाळी त्यांच्या माणसाने लॉटच्या शिक्क्याची मापे आणून दिली आणि मी कामाला बसले आहे.