प्रश्नावली अशी शिकवा की उत्तर आधीच ठरलेलं असेल

नवीन सेमिस्टर, टीवायची साठ पोरं प्रोजेक्टसाठी तुमच्या गळ्यात पडलीयत, तुम्ही सीएचबीवर आहात त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही, आणि 'प्रश्नावली तयार करणे' या युनिटला तुमच्याकडे जेमतेम चार लेक्चर आहेत. टेन्शन घेऊ नका सर, मॅडम. खाली सांगतो तसं शिकवा, ब्लॅकबुक वेळेत बाइंडिंगला जाईल.

विषय नेहमीचाच द्या, हॉस्टेलची मेस. पहिल्याच लेक्चरला पोरांकडून शेवटचा चॅप्टर, म्हणजे निष्कर्ष, लिहून घ्या. 'मेसचं जेवण निकृष्ट असल्याने विद्यार्थी बाहेर खातात.' एकदा हे ठरलं की प्रश्न आपोआप सुचतात: 'मेसच्या निकृष्ट जेवणाचा तुमच्या तब्येतीवर किती परिणाम झाला?' पर्याय तीन, खूप, बऱ्यापैकी, थोडा. चौथा पर्याय 'काहीच नाही' असा असतो म्हणे, पण तो दिला तर कोणीतरी त्याच्यावर टिक करेल ना, मग निष्कर्षाचं काय करायचं? एखादी चोंबडी मुलगी विचारेलच, 'सर, मला मेसचं जेवण आवडतं, मी कुठे टिक करू?' तिला सांगा, 'थोडा' वर कर.

पोरांना हे फारच उघड वाटलं तर जरा सभ्य पद्धत शिकवा. 'मेसचं जेवण सुधारायला हवं, याच्याशी तुम्ही सहमत आहात का?' बघा, एकही वाईट शब्द नाही, पण होकार ताटात वाढून दिलाय, आणि समोरचा घाईत असला की बहुतेक वेळा 'हो' म्हणून पुढे जातो. स्कॉटलंडवाल्यांना एवढंही जमलं नाही. 2014 च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतासाठी तिथल्या सरकारने 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा याच्याशी तुम्ही सहमत आहात का?' असा छान प्रश्न सुचवला होता, तर निवडणूक आयोगाने तो आधी लोकांना दाखवून तपासला आणि 'सहमत आहात का' हा भाग काढायला लावला. उरलं काय, 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?' इतकं कोरडं विचारायचं असेल तर प्रोजेक्ट तरी कशाला करायचं.

दुसरं लेक्चर 'आणि' या शब्दावर. फॉर्म मोठा झाला की लोक भरत नाहीत, म्हणून दोन प्रश्न एकात बसवा: 'मेसचं जेवण चविष्ट आणि पोटभर असतं का?' एक ते पाच गुण. समजा चाळीस पोरांनी फॉर्म भरला. वीस जणांना चव आवडते पण चपात्या मोजून मिळतात म्हणून राग आहे, उरलेल्या वीस जणांचं पोट तुडुंब भरतं पण आमटी पाणचट लागते. सगळे विचार करून मधला 3 टाकतात. सरासरी बरोब्बर 3, आणि तुमचा विद्यार्थी पाय चार्टखाली लिहितो, 'विद्यार्थी मेसबाबत तटस्थ आहेत'. खरं तर चाळीसपैकी एकही तटस्थ नाही, पण हे कळायला दोन वेगळे प्रश्न लागले असते, एक चवीचा, एक पुरतं की नाही याचा. काही शिक्षक लाल पेन घेऊन प्रत्येक 'आणि', 'व', 'किंवा' ला गोल करायला लावतात, तसलं काही करू नका, पोरांना सवय लागते. आणि तशी लागलीच तर 'आणि' नसलेला जोडप्रश्न शिकवा: 'मेसचे दर वाढल्यामुळे तुम्ही मेसमध्ये कमी जेवता का?' जो परीक्षेमुळे कमी जेवतो तो 'हो' म्हणाला तर दरवाढीचा बळी ठरतो, 'नाही' म्हणाला तर व्यवस्थित जेवतो असं होतं. लाल पेनला हा सापडत नाही.

आता स्केल. गूगल फॉर्ममध्ये लिनियर स्केल निवडला की दोन्ही टोकांना काय लिहायचं ते विचारतो, पण ते ऐच्छिक आहे, म्हणून रिकामं सोडा. नुसतं 1 ते 5. आपल्याकडे 'एक नंबर' म्हणजे भारी, त्यामुळे अर्धी पोरं खूश होऊन 1 दाबतात आणि अर्धी पोरं वैतागून 1 दाबतात, आणि एक्सेल दोघांनाही सारखंच मोजतं. शब्द लिहायचेच असतील तर 'उत्कृष्ट, खूप छान, छान, बरं, वाईट' असे लिहा. चांगल्या बाजूला तीन पायऱ्या, वाईट बाजूला एकच, मेसवाले काका स्वतः प्रिंट काढून भिंतीला लावतील. प्रश्न रिक्वायर्डही करून ठेवा, म्हणजे जो डबा खातो आणि मेसमध्ये कधी पाऊलच टाकलं नाही त्यालाही मत द्यावं लागेल, तो बिचारा 3 देतो, म्हणजे तटस्थांच्या यादीत अजून एक. (या 3 मध्ये किती प्रकारची माणसं राहतात यावर खरं तर वेगळं प्रोजेक्ट होईल, पण ते कोण चेक करणार.)

शेवटचं अस्त्र, नकार. 'मेसचं जेवण कधीच शिळं नसतं', सहमत की असहमत? शिळं मिळतं असं सांगायला 'कधीच नसतं' ला 'नाही' म्हणायचं, हे रात्री अकराला मोबाईलवर कोणाला जमतं. पोरांना वाटेल सर उगाच भाव खातायत, तर त्यांना रोपर या अमेरिकन संस्थेचा किस्सा सांगा. 1992 मध्ये त्यांनी विचारलं, नाझींनी ज्यूंचा संहार केला असं कधी झालंच नाही, हे तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य? 22 टक्के लोक 'शक्य' म्हणाले, देशभर हाहाकार उडाला. 1994 मध्ये त्याच संस्थेने वाक्य सरळ केलं, संहार झालाच नाही हे शक्य वाटतं, की तो झाला याची खात्री आहे? 'शक्य' म्हणणारे उरले 1 टक्का. दोन वर्षांत अमेरिका इतिहास शिकली नव्हती, प्रश्नातला नकाराचा गुंता तेवढा सुटला होता. तुमच्या पोरांना मात्र तो 22 चा आकडाच दाखवा, असा दणदणीत निकाल सरळ प्रश्नाला कुठून येणार.

पायलट नावाचा प्रकार पुस्तकात दिसेल, ते पान स्टेपल करून टाका. कारण काय होतं, एखादी पोरगी फॉर्म ग्रुपवर टाकायच्या आधी मेसच्या रांगेतल्या पाच जणांना गाठते, प्रश्न मोठ्याने वाचायला लावते आणि विचारते, 'यात तुला काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग, आणि तू 3 का दिलास?' पाचातले दोघं म्हणतात, चव बरी आहे पण पुरत नाही. एक म्हणतो, मी डबा खातो. एक म्हणतो, 1 म्हणजे चांगलं ना? मग ती पोरगी सबमिशनच्या आठवडाभर आधी तुमच्या केबिनबाहेर उभी राहते, अर्धी प्रश्नावली खोडलेली, 'मी मेसमध्ये जेवत नाही' असा नवीन पर्याय पेनाने लिहिलेला, निष्कर्षाचा चॅप्टर कोरा, आणि म्हणते, 'सर, उत्तरं यायच्या आधी हा कसा लिहू?' अशा वेळी तुम्हाला परीक्षेची ड्युटी आहे असं सांगा.