इंक टँक की लेझर: त्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य प्रिंटर घालवेल

«छोट्या ऑफिससाठी डोळे झाकून इंक टँकच घ्या. एक पान १० पैशांत, लेझरला ३ रुपये. लेझर वीजही खूप खातो. इंक टँकची शाई वर्षभर सुकत नाही. काम झालं की भिंतीवरचा स्विच बंद करा, बास!»

नाशिकच्या इंदिरानगरला राहणाऱ्या आमच्या ताईने हा मेसेज वाचून दुकानदाराला होकार कळवायची तयारी केली, म्हणून लिहिणं भाग आहे. ताई घरूनच आयकराची विवरणपत्रं भरून देते. जुलैत तिचा प्रिंटर दिवसभर चालतो आणि एप्रिल-मेमध्ये आठवडेच्या आठवडे एक पान निघत नाही. सगळं काळंच, रंगीत जवळपास नाही. असं काम असणाऱ्याला हा सल्ला सरळ खड्ड्यात घालतो.

सुरुवात शेवटापासून करते, कारण खरं नुकसान तिथे आहे. टाकीतली शाई सुकत नाही, हे मान्य. पण सुकते ती कागदावर शाई फवारणाऱ्या हेडच्या तोंडाशी. तिथे केसाहून बारीक छिद्रं, म्हणजे नॉझल असतात आणि शाईत बहुतांश पाणीच असतं. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने तो बंद केला की हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतो आणि नॉझल झाकले जातात. भिंतीवरचा स्विच मध्येच बंद केला, तर हेड वाटेत उघडा राहू शकतो. नाशिकच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत उघड्या नॉझलचं काय होईल? एप्सनच्या इंक टँक प्रिंटरांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की आधी बटणाने बंद करा, दिवा लुकलुकायचा थांबू द्या, मगच वीज तोडा. मेसेज लिहिणाऱ्याने ते पान उघडलेलं दिसत नाही.

आणि टोपी नीट बसली तरी पुष्कळ दिवस छपाई झाली नाही की शाई घट्ट होते. हे ओळखायला प्रिंटरच्या मेनूतलं नॉझल चेक छापावं. जाळीतल्या रेघा तुटक दिसल्या किंवा एखादा रंग गायब असला, तर नॉझल तुंबले आहेत. मग हेड क्लीनिंग करायचं, पुन्हा नॉझल चेक. तीन वेळा करूनही फरक नसेल तर थांबायचं, प्रिंटर किमान बारा तास बंद ठेवून परत तपासायचं. लोक इथेच चिडून क्लीनिंगवर क्लीनिंग मारतात. प्रत्येक क्लीनिंगला शाई ओढली जाते आणि आतल्या वेस्ट इंक पॅडमध्ये जिरते. पॅड भरलं की प्रिंटर छापणंच थांबवतो. काही मॉडेलमध्ये हे पॅड घरी बदलता येतं, बाकीच्यांसाठी सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. ही शाई १० पैशांच्या हिशोबात कुणी धरत नाही.

लेझरमध्ये सुकण्यासारखं काही नाही. टोनर ही कोरडी भुकटी असते, ती उष्णतेने वितळून कागदावर चिकटते. दोन महिने बंद राहिलेला लेझर पहिलंच पान स्वच्छ काढतो.

१० पैशांचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेही नाइलाजाने कबूल करते. काळ्या बाटलीवर साडेचार हजार पानं लिहिलेली असतात आणि बाटली साधारण चारशेची धरली तर आकडा जुळतो. पण तो सलग छपाईचा आकडा आहे, ताईसारख्या खंडित कामाचा नाही. तीन रुपये पडतात ते कंपनीचा मूळ टोनर दरवेळी नवा घेतला तर. रीफिल करून घेतला तर पान तीसेक पैशांत बसतं. ताईची वर्षाला १२०० पानं धरा: इंकला १२० रुपये, रीफिल केलेल्या लेझरला ३६०. फरक २४० रुपयांचा. हेड बदलायची वेळ आली तर खर्च हजारांत जातो.

विजेबद्दल थोडक्यात. छापताना लेझर चारशे वॉटच्या आसपास ओढतो, हे खरं. पण मिनिटाला वीस पानांनी १२०० पानं म्हणजे वर्षाला एक तास. अर्धा युनिटही होत नाही! तापण्याचा आणि स्लीपचा खर्च धरला तरी बिलात तो शोधावा लागेल. फक्त लेझर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका, तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो.

मुलांचे रंगीत प्रोजेक्ट असतील, रोज थोडं तरी छापायचं असेल, तर इंक टँक जरूर घ्या आणि आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. ताईने मात्र स्कॅनरसह काळा-पांढरा लेझर घ्यावा. घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात: या मॉडेलचा टोनर रीफिल होतो का, की टोनरवरची चिप अडवते, आणि खोक्यातला टोनर किती पानांचा आहे, कारण सोबत येणारा बहुधा पूर्ण भरलेला नसतो.